मेलची पहिली ओळ आणि शेवटची ओळ : नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की मी फोनवर मेल बघते. चाकणच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे, त्यामुळे रात्रीतून बरंच काही साठलेलं असतं. फोनवरच्या यादीत प्रत्येक मेलच्या तीन गोष्टी दिसतात: कोणाकडून आला, विषय काय, आणि त्याखाली करड्या अक्षरांत मजकुराचे पहिले काही शब्द. एका सकाळी ओळीने चार मेल होते आणि चारींच्या करड्या ओळीत एकच वाक्य होतं, ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’. त्यातल्या एका मेलमध्ये आमचा माल घेऊन निघालेला ट्रक खंबाटकी घाटात बंद पडल्याची बातमी होती. विषयाच्या जागी नुसतं ‘अपडेट’ लिहिलं होतं. एकेक मेल उघडत तिथवर पोहोचेपर्यंत अकरा वाजले, आणि तोवर मी लाइनवरच्या लोकांना ‘साडेदहाला माल येतोय’ असं सांगून बसले होते.

पाठवणाऱ्याने कळवलं होतं आणि वेळेवर कळवलं होतं. पण न उघडताही जी बातमी दिसली असती, तिची जागा त्याने क्षेमकुशलाला दिली. आमच्याकडे नवीन मुलं-मुली लागतात तेव्हा त्यांच्या पहिल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत बसते आणि मेलच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर काम करून घेते. मधला मजकूर त्यांना बहुतेक जमतो. टोकांनाच ठरीव वाक्यं चिकटलेली असतात. तेच काम इथे क्रमाने लिहिते आहे.

ही वाक्यं आली कुठून

आधी थोडं मागे जाऊ, कारण ही वाक्यं एकेकाळी कामाची होती हे कळलं की ती काढताना अपराधी वाटत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक सेनेका एका पत्रात सांगतो की, पत्राच्या आरंभी ‘तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे’ असं लिहायची जुन्या लोकांची रीत होती आणि ती त्याच्या काळापर्यंत टिकली होती. रोमन लोक हे वाक्य इतक्या वेळा लिहीत की पुढे नुसती आद्याक्षरं लिहून भागवत. आपल्याकडे पेशवाईतल्या पत्रांत तोच प्रकार दिसतो. ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ असं झालं की पुढे ‘विशेष’ हा शब्द येतो, आणि खरा मजकूर तिथून सुरू होतो. वाचणाऱ्याला ठाऊक असे की ‘विशेष’ शोधायचं आणि तिथून वाचायचं.

त्या कुशलाला तेव्हा अर्थ होता. जासूद किंवा वाटसरू पत्र घेऊन निघाला की पोहोचायला कित्येक दिवस लागत. ज्याला पत्र लिहिलं तो त्या गावी असेल का, धडधाकट असेल का, याची खात्री नसे. पत्र खरोखरच माणसाचा शोध घेत जाई. ‘फाइंड्स यू वेल’ मधला ‘फाइंड्स’ त्याच काळाचा आहे. आणि पत्राच्या शेवटालाही काम होतं. मजकूर संपला की लगेच खाली ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ असा छोटा शिक्का उठवत, म्हणजे त्याखाली दुसऱ्या कोणाला आणखी ओळ घुसडता येऊ नये.

यातून मी एक साधी कसोटी घेतली आहे. मेलमधल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे वाक्य आज काय काम करतं? कालच ज्याच्याशी फोनवर बोललो, त्याला पाच सेकंदांत पोहोचणाऱ्या मेलमध्ये ‘हा मेल आपल्याला सुखरूप अवस्थेत भेटेल अशी आशा’ हे वाक्य काहीच करत नाही.

पहिली पायरी: आपली वाक्यं आपणच शोधायची

‘मी असं लिहीत नाही’ असं सगळेच म्हणतात. म्हणून आधी स्वतःचे पाठवलेले मेल तपासायचे. जीमेल असेल तर शोधपट्टीत हे टाका:

```
in:sent "finds you well" newer_than:3m
```

याने गेल्या तीन महिन्यांत तुम्ही पाठवलेले, हे शब्द असलेले मेल समोर येतात. अवतरणचिन्हं विसरू नका. ती नसली तर ते तीन शब्द कुठेही विखुरलेले असले तरी मेल यादीत येतो. मग एकेक बदलून बघा:

```
in:sent "per my last email"
in:sent "gentle reminder"
in:sent "do the needful"
in:sent "कार्यवाही व्हावी"
```

आउटलुक असेल तर पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडून तेच शब्द अवतरणचिन्हांत शोधायचे. एक काळजी घ्या. उत्तर देताना खाली समोरच्याचा जुना मजकूर लटकलेला असतो, आणि शोधात तोही पकडला जातो. त्यामुळे आकडा बघून घाबरू नका. मेल उघडा आणि वाक्य तुमचंच आहे ना ते बघा.

मराठी मेल लिहिणाऱ्यांनी या पायरीवर स्वतःला सूट देऊ नये. ‘आपण सर्व कुशल असाल अशी आशा बाळगतो’, ‘सदर मेलद्वारे आपणांस कळवू इच्छितो की’, ‘आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत’ ही सगळी त्याच जातीची. ‘कळवू इच्छितो’ असं लिहिण्यापेक्षा कळवून टाकावं.

सापडलेली वाक्यं एका कागदावर उतरवा. प्रत्येकाची तीन-चारच निघतात. माझ्याशेजारी बसणाऱ्या एका मुलीची दोनच निघाली, पण ती दोन्ही तिच्या जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये होती.

दुसरी पायरी: पहिलं वाक्य खोडा आणि मेल पुन्हा वाचा

नवीन माणसाने मेल पहिल्याच फटक्यात नीट लिहायचा प्रयत्न करू नये, त्याने हात अडतो. नेहमीसारखा लिहा. मग ‘नमस्कार’ नंतरचं पहिलं वाक्य खोडून मेल पुन्हा वाचा. काही हरवलं नसेल तर ते वाक्य गेलं. मग दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवा. ‘मी अमुक कामासंदर्भात हा मेल लिहीत आहे’ असं असेल तर तेही जाईल, कारण ते विषयाच्या ओळीत आधीच आलेलं असतं. बहुतेक वेळा तिसरं वाक्य हे मेलचं खरं पहिलं वाक्य निघतं.

या पहिल्या जागेवर काय यावं याचे माझ्या मते तीनच प्रकार आहेत. काही मागायचं असेल तर मागणी यावी: ‘मे महिन्याचं बिल जीएसटी क्रमांक घालून पुन्हा पाठवाल का?’ काही सांगायचं असेल तर बातमी यावी: ‘ट्रक खंबाटकी घाटात बंद पडला आहे, माल दुपारी तीनपर्यंत येईल.’ आणि समोरच्याने काही विचारलं असेल तर उत्तर यावं, तेही ‘हो’ किंवा ‘नाही’ पासून: ‘हो, सोमवारी गाडी पाठवता येईल.’ ‘आपला मेल मिळाला, धन्यवाद’ हे चौथ्या प्रकारासारखं वाटतं, पण मिळाला नसता तर उत्तर कसं दिलं असतं?

आता खरी अडचण. नवीन मुलं मला सांगतात, ‘ताई, असं एकदम कामाचंच बोलायचं म्हणजे उद्धट वाटतं.’ ही अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, काम मागाहून. पण मेलमध्ये आदर कुठे बसतो ते नीट बघा. तो संबोधनात बसतो: ‘नमस्कार साहेब’, ‘नमस्कार मॅडम’. तो क्रियापदात बसतो. ‘बिल पाठवा’, ‘बिल पाठवाल का’ आणि ‘बिल आज पाठवता येईल का’ या तिन्हींत एक-एक पायरी आहे, आणि कुठल्या माणसाला कुठली वापरायची हे मराठी बोलणाऱ्याला शिकवावं लागत नाही. आणि सगळ्यात जास्त आदर असतो तो त्या माणसाविषयी काही खरं ठाऊक असण्यात. ‘परवा तुम्ही नवीन मशीन दाखवलंत, त्यावरच हे काम करणार का?’ या वाक्यात ओळख आहे, आणि कामही आहे. ‘आपण कुशल असाल अशी आशा’ हे वाक्य शंभर जणांना जसंच्या तसं जातं, आणि घेणाऱ्याला ते कळतं.

अगदीच कोरडं वाटत असेल तर आपुलकीचं वाक्य शेवटी घाला. काम वर, आपुलकी खाली. कामाचं वाचून झालेला माणूस खालचं वाक्य निवांत वाचतो.

तिसरी पायरी: ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’

क्षेमकुशलाचं वाक्य निरुपयोगी आहे, पण निरुपद्रवी आहे. हे मात्र बोचतं. वरवर पाहता ते फक्त ‘मागच्या मेलप्रमाणे’ असं म्हणतं. वाचणाऱ्याला ऐकू येतं ते ‘मी एकदा सांगितलंय, तुम्ही वाचत का नाही?’ आणि सोबत सीसीमध्ये त्याच्या साहेबांचा पत्ता असला तर तो सरळ तक्रार अर्जच होतो. लिहिणारा मात्र समजत असतो की आपण किती संयम ठेवला.

इथे माझाच एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मला हे कळलं. एका लहान वर्कशॉपकडून आम्ही ब्रॅकेट बनवून घ्यायचो. त्याचं ड्रॉइंग बदललं होतं, रिव्हिजन बी जाऊन रिव्हिजन सी आली होती. मी 3 जूनला मेल पाठवला. आधी कुशल, मग आमच्या कंपनीत गुणवत्तेबाबत काय चाललं आहे त्याचा परिच्छेद, मग ड्रॉइंग बदलल्याची माहिती, आणि सगळ्यात खाली ‘तरी आपण आपला दर कळवावा’. ड्रॉइंग जोडलं होतं. आठवडा गेला, उत्तर नाही. 10 जूनला मी त्याच मेलवर उत्तर म्हणून लिहिलं: ‘ॲज पर माय लास्ट ईमेल, दराची वाट बघत आहोत. ड्रॉइंग खालच्या मेलमध्ये आहे. काइंडली डू द नीडफुल.’ आणि त्यांच्या मोठ्या मालकांना सीसीत घेतलं.

अर्ध्या तासाने फोन आला. मालक नव्हते, वर्कशॉप सांभाळणारे काका होते. त्यांचा आवाज दुखावलेला होता. म्हणाले, ‘ताई, ड्रॉइंग कुठंय? मी खालपर्यंत बघितलं, नाही सापडलं.’

मी चिडूनच माझा मेल उघडला, आणि खरंच त्यात ड्रॉइंग नव्हतं. आपण मेलला उत्तर देतो तेव्हा मूळ मेलची जोडपत्रं नव्या मेलसोबत जात नाहीत. पुढे पाठवला, म्हणजे फॉरवर्ड केला, तरच ती सोबत जातात. जीमेल काय, आउटलुक काय, दोन्हीकडे हेच. काकांना 3 जूनचा मूळ मेल शोधावा लागला असता, आणि तो त्यांच्या फोनवर इतर शेकड्याभर मेलखाली गाडला गेला होता. शिवाय त्या मेलमध्येही दर कधीपर्यंत हवा आणि किती नगांचा हवा हे मी लिहिलंच नव्हतं. म्हणजे ज्या मेलचा दाखला देऊन मी त्यांना टोचलं, तो मेल मुळातच अपुरा होता.

त्यानंतर मी मुलांना सांगते: ‘मागच्या मेलप्रमाणे’ लिहायची वेळ आली की आधी तो मागचा मेल उघडायचा आणि फोनवर उघडायचा, म्हणजे समोरच्याला दिसतो तसा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. नेमकं काय हवं होतं? कधीपर्यंत? आणि ते देण्यासाठी लागणारं सगळं सोबत होतं का? यातलं एखादं नसेल तर उत्तर न येण्याचं कारण तिथेच सापडलं. तिन्ही असतील तर ती तिन्ही नव्या मेलमध्ये पुन्हा लिहायची, कारण मागच्या मेलकडे बोट दाखवण्यापेक्षा दोन ओळी पुन्हा लिहायला कमी वेळ लागतो.

त्याच 10 जूनला मी असं लिहायला हवं होतं:

> विषय: ब्रॅकेट, रिव्हिजन सी: 200 नगांचा दर शुक्रवार 14 जूनपर्यंत हवा
>
> नमस्कार काका,
>
> ब्रॅकेटच्या 200 नगांचा दर आणि माल कधी मिळेल ती तारीख शुक्रवारी दुपारपर्यंत कळवाल का?
>
> ड्रॉइंग 3 जूनला पाठवलं होतं, ते पुन्हा सोबत जोडलं आहे. आधीच्या ड्रॉइंगपेक्षा बदल एकच आहे: भोकाचा व्यास 8 ऐवजी 8.5 मिमी.
>
> शुक्रवारी दर मिळाला तर सोमवारी पर्चेस ऑर्डर निघेल. ड्रॉइंगबद्दल काही विचारायचं असेल तर फोन करा, मी संध्याकाळी सहापर्यंत जागेवर आहे.

मागच्या मेलचा उल्लेख यातही आहे, पण तो ‘3 जूनला पाठवलं होतं’ एवढाच आहे. तारीख ही वस्तुस्थिती असते, त्यावर कोणी रुसत नाही. आणि उल्लेखाला लागूनच ‘पुन्हा सोबत जोडलं आहे’ आलं, त्यामुळे ते वाक्य दोष देण्याऐवजी मदत करतं. बदल कुठे झाला ते मेलमध्येच लिहिल्यामुळे, मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ड्रॉइंग न उघडता अंदाज येतो की हत्यार बदलावं लागेल का. विषयाची ओळ तर मेल न उघडताच सगळं सांगते. ‘जेंटल रिमाइंडर’ ही विषयाची ओळ यामुळेच कुचकामी आहे. आठवण कशाची, तेच ती सांगत नाही.

जुन्याच साखळीत उत्तर देत असाल तर विषय बदलण्याआधी थोडा विचार करा. जीमेलमध्ये विषय बदलला की मेलची वेगळी साखळी सुरू होते आणि जुना संदर्भ तुटतो. मी दुसऱ्यांदा लिहिताना मुद्दाम नवा मेल करते आणि सगळं नव्याने जोडते. पण ज्या साखळीत पाच जणांची चर्चा झालेली असते, तिथे विषय तसाच ठेवून पहिल्या ओळीतच मागणी लिहावी हे बरं.

सरकारी पत्रव्यवहारात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवलेलं आहे. ‘विषय’ खाली ‘संदर्भ’ अशी वेगळी ओळ असते आणि तिथे ‘आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक’ एवढंच लिहितात. मागचा सगळा व्यवहार तिथे नोंदला जातो आणि मजकुरात कोणाला टोचायची गरज राहत नाही. लांबलेल्या व्यवहारात मी ही ओळ खाजगी मेलमध्येही उसनी घेते.

दोनदा लिहूनही उत्तर आलं नाही तर तिसरा मेल लिहायचा नाही, फोन उचलायचा. आणि प्रकरण वादापर्यंत गेलं, लेखी नोंद हवीच असेल, तर नोंदीसारखं लिहा: ‘3 जून आणि 10 जून रोजी दर मागवला होता. आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही. 17 जूनपर्यंत न मिळाल्यास हे काम दुसरीकडे देऊ.’ यात एकही कडवट शब्द नाही, आणि ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ पेक्षा याला किती तरी जास्त वजन आहे.

चौथी पायरी: शेवटची ओळ

शेवटी सगळ्यात जास्त सापडतं ते ‘काइंडली डू द नीडफुल’, आणि त्याचं मराठी भावंड ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. एकेकाळी इंग्लंडमध्येही हे वाक्य रुळलेलं होतं, तिथे ते मागे पडलं आणि आपल्या कचेऱ्यांत राहिलं. त्याचा दोष जुनेपणाचा नाही. काय करायचं हे ठरवण्याचं काम ते वाचणाऱ्यावर ढकलतं. ‘योग्य ती’ म्हणजे कुठली? मंजुरी द्यायची, की पैसे सोडायचे, की नुसतं वाचून फाइल करायचं? लिहिणाऱ्यालाच ते पक्कं माहीत नसतं तेव्हा हे वाक्य हमखास येतं, म्हणून ते हातून उतरलं की थांबा आणि स्वतःला विचारा, मला नक्की काय हवंय? जे उत्तर येईल ते तिथे लिहा: ‘सही करून पान 3 परत पाठवा’, ‘रक्कम बरोबर असेल तर नुसतं हो कळवा’.

‘काइंडली रिव्हर्ट’ चं वेगळं आहे. भारतात त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’ असा घेतात आणि इथल्या इथे कोणाचं अडत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘पूर्वीच्या स्थितीला जा’ असं वाटतं. ड्रॉइंगच्या रिव्हिजनबद्दलच्या मेलमध्ये हा शब्द गेला तर तो जुनं ड्रॉइंग वापरायला लागेल. तिथे सरळ ‘रिप्लाय’ लिहा.

‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ मध्ये समोरच्याचा होकार गृहीत धरलेला असतो. रोजच्या कामात, बरोबरीच्या माणसाला, ‘आगाऊ धन्यवाद’ चालतं. वरिष्ठाकडे रजा किंवा सवलत मागताना ते टाळा. ‘काही अडचण असल्यास निःसंकोच संपर्क साधावा’ याच्या जागी अडचण आली तर कोणी, कधी, कुठे फोन करायचा ते लिहा. वरच्या मेलमधलं ‘मी सहापर्यंत जागेवर आहे’ हे तेच वाक्य आहे, फक्त खरं केलेलं.

‘रिगार्ड्स’, ‘धन्यवाद’, ‘आपला’ किंवा ‘आपली’ यांच्या मागे लागू नका. ती सहीचा भाग आहेत, कोणी वाचत नाही आणि कोणाला अडवतही नाहीत. एक ठरवा आणि सोडून द्या. सहीचा मजकूर एकदाच नीट करून ठेवा: नाव, विभाग, फोन नंबर, बस. कंपनीचं बोधचिन्ह चित्र म्हणून घातलं की कित्येकांकडे ते जोडपत्रासारखं दिसतं, आणि ‘ड्रॉइंग जोडलंय’ असं समजून लोक तेच उघडत बसतात.

कुठे हात लावायचा नाही

सरकारी कार्यालयाला लिहिताना ठरलेला साचा पाळा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ तिथे टपाल घेणाऱ्याला अपेक्षित असतं आणि ते काढून तुमचं काही वाचत नाही. फक्त ‘विषय’ नेमका लिहा.

आमच्या भागात जपानी कंपन्यांशी काम करणारे बरेच आहेत. जपानी भाषेतल्या मेलची सुरुवात ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ या वाक्याने होते. त्याचा साधारण अर्थ ‘आपलं सहकार्य आम्हाला लाभत आहे’ असा, आणि ते रोजच्या मेलमध्येही लिहितात. ते ठरीव आहे म्हणून काढलंत तर समोरच्याला काही बिनसलं की काय असं वाटेल. ज्या भाषेत लिहिता, त्या भाषेतली रीत पाळा. इंग्रजी मेलची काटछाट जपानीत नेऊ नका.

आणि कोणाची खरोखरच चौकशी करायची असेल तर करा. 2020 च्या एप्रिलमध्ये ‘घरचे सगळे बरे आहेत ना?’ हे मनापासून लिहिलं जात होतं आणि वाचणारा उत्तरही देत होता. पुढे तेच वाक्य कोटेशन मागणाऱ्या मेलच्या डोक्यावर छापल्यासारखं यायला लागलं, तेव्हा त्याची उत्तरं येणं थांबलं. वर ज्या वर्कशॉपचं सांगितलं, तिथल्या काकांचं पुढच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांच्याकडे तेव्हा आमच्या दोन ऑर्डरी अडकल्या होत्या. त्या ऑर्डरींचा मेल मी त्यांच्या मुलाला पाठवला, पहिल्या ओळीत नगांची संख्या आणि तारीख घालून. काकांना वेगळा मेल लिहिला: ‘काका, ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. चालायला लागलात का?’ त्यात ब्रॅकेटचा शब्दही नव्हता. संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणाले, ‘आज दारापर्यंत जाऊन आलो.’